मनूचा भोवरा आणि शेजारची रेवा: झोपताना सांगायची एक गोष्ट

प्रश्न: माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. आमच्या शेजारी महिन्यापूर्वी नवीन फॅमिली राहायला आलीय, त्यांची मुलगी पण त्याच्याच वयाची. दोघं खेळतात छान, पण तिने याच्या पिवळ्या जेसीबीला हात लावला की रडारड. समजावून, रागावून सगळं झालं. रात्री गोष्ट ऐकल्याशिवाय हा झोपत नाही, तर यावर एखादी गोष्ट सांगाल का? उपदेश नको प्लीज, तो लगेच ओळखतो.

उत्तर:

ओळखणारच हो, सहा वर्षांचं मूल उपदेशाचा वास दाराबाहेरून घेतं. मी बालवाडीत आणि नंतर मुलांच्या वाचनालयात मिळून बावीसेक वर्षं गोष्टी सांगतेय, आणि या विषयावरची माझी पहिली गोष्ट सपशेल पडली होती, तेव्हा आधी तेच सांगते म्हणजे खालची गोष्ट अशी का केलीय ते कळेल.

त्या पहिल्या गोष्टीत एक ससा होता, त्याच्याकडे एक चेंडू, शेजारी नवीन खारूताई येते, ससा आधी देत नाही, मग त्याला वाईट वाटतं, मग तो चेंडू तिला देऊन टाकतो आणि सगळे आनंदी. मी आपली खूश. तर समोर बसलेली एक मुलगी म्हणाली, "मग त्याला परत कधी मिळाला?" मी म्हटलं अगं त्याने दिला ना. तर तिचा चेहरा असा झाला की जणू मी सशाला लुबाडलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की आपण ज्याला शेअरिंग म्हणतो ते मुलाला 'गेलं' असं ऐकू येतं. बिस्कीट शेअर केलं की अर्धं संपतं, हे त्याने पाहिलेलं असतं, मग जेसीबीचं पण तसंच होणार असं त्याला वाटलं तर त्यात चूक काय. 'वाटून घे' हा शब्द खाऊसाठी बरोबर आहे, खेळण्यासाठी नाही. खेळणं वाटत नाही आपण, थोडा वेळ देतो आणि ते परत येतं. गोष्टीत हे *परत येणं* डोळ्यासमोर घडलं पाहिजे, स्पष्ट, हातात.

दुसरी चूक सशाची. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांचा 2017 मध्ये आलेला एक अभ्यास आहे, 4 ते 6 वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट दोन प्रकारे वाचून दाखवली, एकात कपडे घातलेले प्राणी आणि एकात माणसं, आणि गोष्टीच्या आधी नि नंतर मुलं स्वतःचे स्टिकर्स दुसऱ्यासाठी किती ठेवतात ते मोजलं. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी जास्त ठेवले, प्राण्यांची गोष्ट ऐकलेल्यांनी नाही. आता हा एकच अभ्यास आहे, आणि गोष्ट झाल्या झाल्या मोजलंय, पुढच्या आठवड्यात काय झालं ते त्यात नाही, तेव्हा लगेच घरातले सगळे ससे-कोल्हे हाकलू नका, ते मजेसाठी असू देत की. पण या एका विषयाला मी तेव्हापासून माणसंच घेते.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात उशिरा सुचली, ती म्हणजे गोष्टीतलं खेळणं कुठलं हवं. असं हवं की ज्याचा टर्न आपोआप संपतो. जेसीबीचा टर्न कधी संपला हे कोण ठरवणार? ज्याच्या हातात आहे तो म्हणणार अजून नाही, दुसरा म्हणणार संपला, मग मोठी माणसं मध्ये पडणार. भोवऱ्याचं तसं नाही, फिरला, डुलला, पडला, संपलं, वाद नाही. शिवाय झोपताना सांगायची गोष्ट म्हणून भोवरा फारच उपयोगी, कारण तो शेवटी हळू होत होत आडवा होतो आणि त्याच्याबरोबर आवाजही हळू करता येतो.

दोरीचा नाही बरं का, तो सहा वर्षांच्या हाताला जमत नाही आणि आर लागायची भीती. बोटांनी फिरवायचा छोटा, वर दांडी असलेला. सावंतवाडीला चितारआळीत लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत तिथे असले भोवरे मिळतात, आणि खालच्या गोष्टीतला भोवरा तिथलाच आहे.

आता गोष्ट. सावकाश सांगितली तर दहा-बारा मिनिटं लागतात.

---

एक होता मनू. मनू राहायचा डोंबिवलीला, तिसऱ्या मजल्यावर. आणि मनूकडे होता एक भोवरा.

एवढासा. मुठीत मावेल एवढा. आजोबांनी सावंतवाडीहून आणलेला. वर एक बारीक दांडी, खाली टोक, आणि पोटावर तीन पट्टे, लाल, पिवळा, हिरवा. दांडी चिमटीत धरायची, अशी, आणि टिचकी मारल्यासारखं फिरवून सोडायचं. की निघाला!

गर गर भोवऱ्या, फिरून ये,
दमलास की मग झोपून घे.

असं मनू म्हणायचा. आणि भोवरा इतका जोरात फिरायचा, इतका जोरात, की वाटायचं फिरतच नाहीये, नुसता उभा आहे. मग थोड्या वेळाने डुलायला लागायचा. इकडे... तिकडे... इकडे... आणि आडवा. झोपला.

मग मनू त्याला रुमालात गुंडाळायचा आणि स्टीलच्या छोट्या डब्यात ठेवायचा. झाकण टक्. त्या डब्याला हात लावायचा नाही कोणी. बाबांनी पण नाही.

एक दिवस खाली टेम्पो आला. मनू खिडकीतून बघतोय तर टेम्पोतून निघालं कपाट, निघाल्या खुर्च्या, निघाली सायकल, आणि निघाला एक भलाऽऽमोठा कूलर. तो कूलर जिन्यात अडकला. तीन माणसं वरून ओढतायत, दोन माणसं खालून ढकलतायत, कूलर काही हलेना. आणि त्या कूलरच्या मागून एक आवाज आला, "ए, मला वर जाऊ द्या ना!"

ती होती रेवा. नागपूरहून आली होती, मनूच्या समोरच्या घरात राहायला.

संध्याकाळी रेवाच्या आईबाबांना मनूच्या आईने चहाला बोलावलं. रेवा पण आली. मनू खाली फरशीवर बसला होता, भोवरा घेऊन. रेवाला बघितलं आणि त्याने पटकन भोवरा डब्यात टाकला, आणि डबा पाठीमागे.

रेवा म्हणाली, "काय लपवलं?"

"काही नाही."

"काहून?"

आता काहून म्हणजे काय, मनूला कळेना. तो आईकडे बघायला लागला. रेवाची आई हसली, म्हणाली, "अरे, काहून म्हणजे का. आमच्याकडे असंच म्हणतात."

मनू म्हणाला, "कारण तो माझा भोवरा आहे."

रेवा म्हणाली, "माझ्याकडे पण आहेत खेळणी, खूप आहेत. पण ती खोक्यात आहेत, आणि खोकी आहेत चोवीस, आणि कुठल्या खोक्यात आहेत तेच कोणाला आठवत नाहीये." आणि ती गप्प बसली. पायाच्या अंगठ्याने फरशीवर गोल काढत.

मनूने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "तुझा भोवरा आहे मनू. तू ठरव." आणि ती चहा गाळायला गेली.

मनू विचार करायला लागला. हिने घेतला आणि घरी नेला तर? हिने पाडला तर? चोवीस खोक्यांत हरवला तर? मनूने खूप विचार केला. मग तो म्हणाला, "मी फिरवतो. तू नुसतं बघ."

"हाव," रेवा म्हणाली. हाव म्हणजे हो, ते मनूला आपोआप कळलं.

मनूने भोवरा काढला. चिमटीत दांडी, आणि सोडला. रेवा मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ... आडवा!

"नऊ!" रेवा ओरडली. मनूने आजवर कधी मोजलंच नव्हतं. परत फिरवला. अकरा! परत फिरवला. आठ. रेवा मोजतेय, मनू फिरवतोय, आणि मग मनूला वाटलं, आपण पण मोजावं की. पण फिरवणारा मोजणार कसं?

मग तो म्हणाला, "हे बघ, आडवा झाला की टर्न संपला. आडवा झाला की माझ्या हातात द्यायचा."

"हाव."

रेवाने भोवरा घेतला, फिरवला, आणि तो लगेच पडला. बद्. तिने बघितलं भोवऱ्याकडे, बघितलं मनूकडे, आणि गपचूप त्याच्या हातात दिला.

मनू म्हणाला, "अगं असं नाही, मुठीत नाही धरायचा. चिमटीत. अशी. आता घे परत, तो मोजायचा नाही."

दुसऱ्यांदा तीन. मग पाच. मग मनूचे दहा. मग रेवाचे सात! आणि दर वेळी आडवा झाला की हातात, आडवा झाला की हातात.

मग काय झालं, रेवाने तो फिरवला टीपॉयवर. भोवरा निघाला फिरत फिरत, फिरत फिरत, कडेला आला आणि... टक्. खाली फरशीवर.

उचलून बघतात तर लाल पट्ट्यावरचा एवढासा टवका उडालेला. आतलं पांढरं लाकूड दिसायला लागलं.

कोणीच काही बोललं नाही. मनूचे डोळे भरून आले. त्याने भोवरा घेतला, रुमालात गुंडाळला, डब्यात ठेवला, झाकण टक्. रेवा उठली आणि तिच्या आईच्या मागे जाऊन उभी राहिली, आणि मग ते लोक घरी गेले.

रात्री मनू अंथरुणात पडला. या कुशीवर, त्या कुशीवर. झोप येईना. शेवटी तो उठला, डबा उघडला, टवक्यावरून बोट फिरवलं. खरखरीत लागत होतं. मग त्याने फरशीवर भोवरा फिरवला, हळूच, आवाज न करता.

आणि बघतो तर काय! लाल पट्ट्यावर एक फिकट पांढरी रेघ. बारीक. गोल. पूर्ण भोवऱ्याभोवती! मनूने भोवरा थांबवला. रेघ नाही, नुसता टवका. परत फिरवला. रेघ आली! थांबवला. गेली! फिरवला. आली!

तीन पट्ट्यांच्या भोवऱ्याला चौथा पट्टा आला होता. पण फक्त फिरताना.

मनूला ते कोणाला तरी सांगायचं होतं. पण सगळे झोपले होते.

सकाळी दारावर टकटक. दारात रेवा. हातात एक लाल स्केचपेन. म्हणाली, "माझ्या हातून पडला ना. हे सापडलं अकराव्या खोक्यात. रंगवू?"

मनू म्हणाला, "नाही नाही नाही, नको! काहून माहितीये?"

मनू चक्क काहून म्हणाला. रेवा हसायला लागली.

"थांब, दाखवतो," मनू म्हणाला आणि त्याने भोवरा तिच्या हातात दिला. "तूच फिरव. आणि लालकडे बघ."

रेवाने चिमटीत धरला. फिरवला. आणि दोघं पोटावर पडून, हनुवटी फरशीला टेकवून बघत बसले.

"पट्टा!" रेवा म्हणाली.

"चौथा," मनू म्हणाला.

संध्याकाळपर्यंत खेळले दोघं. बारा झाले, तेरा झाले. मग समोरच्या घरातून हाक आली, "रेवाऽऽ, जेवायला!" रेवा उठली. भोवरा तिच्याच हातात होता. दारापर्यंत गेली. मनू बघत होता. दारातून ती वळली, परत आली, भोवरा मनूच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "उद्या पहिला टर्न माझा."

"हाव," मनू म्हणाला.

रात्री मनूने एकदाच फिरवला भोवरा. शेवटचा. लाल, पिवळा, हिरवा, आणि बारीकसा पांढरा.

गर गर भोवऱ्या, फिरून ये...
दमलास की मग... झोपून घे...

भोवरा डुलायला लागला. इकडे... तिकडे... इकडे... तिकडे... आणि आडवा झाला. मनूने त्याला रुमालात घातलं. झाकण लावलं, पण हळूच, टक् न करता.

आणि मनू पण आडवा झाला.

---

आता सांगताना काय सांभाळायचं ते, कारण कागदावरची गोष्ट आणि अंथरुणातली गोष्ट यात फरक पडतो.

मनूच्या जागी तुमच्या मुलाचं नाव घालू नका आणि भोवऱ्याचा जेसीबी करू नका. मोह होतो, माहितीये. पण त्याक्षणी ती त्याची गोष्ट न राहता त्याच्याबद्दलची तक्रार होते. दुसऱ्याचं बघताना मूल मोकळं असतं, मनूने डबा लपवला तर 'बरोबर केलं' असं तो बिनधास्त म्हणेल, म्हणू दे. तिथे आपण 'असं करतात का' म्हटलं की संपलंच. रेवा मात्र तुमच्या शेजारच्या मुलीसारखी होऊ शकते, ती लोकं कुठून आली असतील तिथला एखादा शब्द 'काहून'च्या जागी टाकला तरी चालेल. बेळगावचे असोत नाहीतर इंदूरचे, त्यांच्या आईला विचारा, एक तरी गमतीचा शब्द मिळतोच. नव्या मुलाकडे फक्त 'मागणारा' म्हणून न बघता काहीतरी घेऊन आलेलं माणूस म्हणून बघितलं जातं त्याने, आणि मुलं तो शब्द दुसऱ्या दिवशी वापरतातच.

आईच्या वाक्याला हात लावू नका. "तुझा आहे, तू ठरव" आणि ती निघून जाते. बऱ्याच पालकांना हे वाक्य खटकतं, म्हणतात ताई, त्याने नाही म्हणून ठरवलं तर? तर नाही. 2013 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 3-4 वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला होता, उदास बाहुल्याला स्वतःचा स्टिकर द्यायचा की ठेवायचा हे ज्यांना खरोखर निवडता आलं ती मुलं नंतर दुसऱ्या बाहुल्याला जास्त स्टिकर्स देत होती, आणि ज्यांना द्यायलाच लावलं ती कमी. घरात जबरदस्तीने हातातून काढून दिलेलं खेळणं हे दान नसतं, ती जप्ती असते. आणि जप्तीनंतर माणूस काय करतो, पुढच्या वेळी आधीच लपवतो.

गोष्टीत मनू एकदम देत पण नाही बघा. आधी 'तू नुसतं बघ', मग 'आडवा झाला की परत', मग स्वतःहून 'तूच फिरव'. या तीन पायऱ्यांमध्ये घाई करू नका, मधले आकडे मोजा, अगदी कंटाळा येईपर्यंत मोजा. मूल झोपेला येतं ते त्या मोजण्यातच, आणि तुम्हाला वाटेल हे काय तेच तेच, पण परत हातात येतंय हे त्याच्या मनावर त्या तेच तेच मधूनच ठसतं.

टवक्यापाशी थांबा. चार-पाच सेकंद काहीच बोलू नका. इथे बहुतेक मुलं अंग चोरतात किंवा तुमचा हात धरतात. काही पालक हा भागच गाळतात की रात्री रडू नको. गाळू नका हो. खेळणं मोडण्याची भीती खरी असते, आणि खोटं कशाला बोला, दुसऱ्याच्या हातून खेळणी कधी कधी मोडतातच. ज्या गोष्टीत काहीच मोडत नाही ती मुलाला पटत नाही, कारण त्याची मुख्य शंका तिथे कोणी विचारलेलीच नसते. रेघेचा भाग मात्र जादू म्हणून सांगू नका, तो खरा आहे. फिरणाऱ्या वस्तूवरचा एक ठिपका आपल्या डोळ्याला गोल रेघ दिसतो, कारण डोळा तो ठिपका वेगवेगळ्या जागी वेगळा धरू शकत नाही, सगळं एकात एक मिसळतं. पंख्याच्या पात्यावर कागदाचा तुकडा चिकटवलात तर तेच. पट्टे मात्र आधीच गोल असतात म्हणून ते हलताना दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी एखादा भोवरा घेऊन त्यावर खडूचा ठिपका काढून दाखवा, लाकडी नसेल तर जाड पुठ्ठ्याची गोल चकती आणि मधोमध काडेपेटीची काडी, पाच मिनिटांचं काम. भोक बरोबर मध्यावर पाडा, नाहीतर तो फिरण्याआधीच लटपटतो. आणि सतरंजीवर नको, गुळगुळीत फरशीवर.

हा भोवरा करताना शेजारच्या मुलीला बोलावलंत तर उत्तम. दोन भोवरे करू नका, एकच करा. दोन केले की दोघं आपापला घेऊन दोन कोपऱ्यांत बसतात, मी हे स्वतः करून बसलेय.

मग जेसीबी. त्यालाही टर्नचा शेवट शोधून द्यायचा, आपोआप दिसेल असा. मिनिटं सांगू नका, सहा वर्षांच्या मुलाला पाच मिनिटं म्हणजे किती ते आतून कळत नाही, मोबाईलचा टायमर लावला तर दोघं टायमरकडेच बघत बसतात. त्याऐवजी काम ठरवा. एका ताटात डाळ नाहीतर तांदूळ, दुसरं ताट रिकामं, जेसीबीने पाच फावडी भरून इकडून तिकडे टाकली की टर्न संपला. दुसरा मोजणार. मोजणाऱ्याला काम असलं की तो हिसकावत नाही, हे भोवऱ्यातलंच तत्त्व. आणि खेळ संपल्यावर तिने स्वतःच्या हाताने तो जेसीबी त्याच्या हातात द्यायचा, तुम्ही मध्ये घेऊन ठेवायचा नाही, फडताळात वगैरे. परत करणं त्याला तिच्या हातून दिसू दे.

एक अपवाद. जेसीबी उशाशी घेऊन झोपत असेल, आजारी पडला की तोच हवा असेल, तर तो खेळणं नाही, तो त्याचा आधार आहे. मग तो या सगळ्यातून बाहेर काढा, पाहुणे यायच्या आधी त्यालाच विचारून आत ठेवा, आणि शेअर करायला दुसरी गाडी काढा. मोठ्या माणसाला कोणी तुमची उशी द्या म्हटलं तर देऊ का आपण?

गोष्ट लागू पडतेय की नाही हे दुसऱ्या दिवशी त्याने जेसीबी दिला की नाही यावरून बघू नका, तेवढ्या लवकर काही होत नाही. तो गोष्टीत काय विचारतो त्याकडे लक्ष ठेवा. पहिल्या रात्री बहुतेक मुलं भोवऱ्याबद्दल विचारतात, दुसऱ्यांदा विचारतात रेवाला आईने रागावलं का, किंवा बाकीच्या तेवीस खोक्यांत काय होतं. प्रश्न रेवाकडे सरकला ना, मग चाललंय बरोबर. तुम्ही आकडा चुकवलात आणि त्याने दुरुस्त केला, "नऊ, दहा नाही", तेही चांगलं. पण टवक्याच्या आधीच तो म्हणाला की ही गोष्ट नको, किंवा पाठ फिरवली, किंवा दुसऱ्या दिवशी जेसीबी पलंगाखाली गेला, तर चार-आठ दिवस गोष्ट बंद, दुसरं काहीतरी सांगा, आणि दिवसा कोणी त्याच्या हातून हल्लीच काही काढून घेतलंय का ते आठवा. बऱ्याचदा लहान भावंड असतं किंवा आजोळी आलेली मावसभावंडं, शेजारची मुलगी बिचारी उगाच मध्ये सापडते.

गोष्ट झाल्यावर 'मग आपण काय शिकलो' अजिबात विचारायचं नाही. त्याला उत्तर येतं हो. या वयाच्या मुलांना विचारलं तर वाटून घ्यावं असंच ती सांगतात, आणि समोर स्टिकर्स ठेवले की स्वतःकडे जास्त ठेवतात, हेही अभ्यासांत दिसलंय, साधारण सात-आठ वर्षांपर्यंत बोलणं आणि करणं यात असं अंतर राहतं. म्हणजे तुमचा मुलगा काही स्वार्थी निघालेला नाहीये, तो सहा वर्षांचा आहे एवढंच.

आणि तो टवक्यापाशीच झोपून गेला, जे होतं कधी कधी, तर दुसऱ्या रात्री तिथून पुढे सुरू करू नका. पहिल्यापासून घ्या, टेम्पो, कूलर, सगळं. फक्त कूलर जिन्यात अडकतो तिथे दोन माणसं वाढवा, मुलांना ते आवडतं, माझ्याकडच्या एका बॅचमध्ये शेवटी एकोणीस माणसं झाली होती.